रजनीशपुरमला कल्ट म्हणावं का?

सप्टेंबर १९८५च्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, रजनीशपुरम नावाच्या वसाहतीत, अनुयायांनी आपल्याच धर्माच्या पुस्तकाची होळी केली. सुमारे पाच हजार प्रती जाळल्या गेल्या. पुस्तकाचं नाव होतं ‘रजनीशिझम’. दोनच वर्षांपूर्वी रजनीशांच्या संस्थेनंच ते छापलं होतं, आणि भगवान श्री रजनीश व त्यांचा धर्म यांची ओळख करून देणं हा त्याचा जाहीर हेतू होता. आता खुद्द रजनीश सांगत होते, की हा धर्म माझा नव्हेच; माझ्या सचिव शीला यांनी तो उभा केला होता आणि आता तो संपला आहे.

धर्म दोन वर्षांत स्थापन होतो आणि विसर्जितही होतो, हे दृश्य धर्माच्या अभ्यासकांना फार उपयोगाचं ठरलं. कारण पुण्याहून निघून ऑरेगनला गेलेली आणि पुन्हा पुण्याला परतलेली ही मंडळी नेमकी कोण, हा प्रश्न विचारला की अभ्यासकांच्या जवळपास प्रत्येक कसोटीचा कस लागतो. वर्तमानपत्रांना तो प्रश्न कधी पडला नाही. त्यांच्या लेखी तो ‘कल्ट’ होता. गुरू, लाल कपडे, गळ्यात गुरूच्या फोटोची माळ, रोल्स रॉइस गाड्यांचा ताफा, एवढं दिसलं की निकाल लागला.

अभ्यासक मात्र आधी विचारतो, कल्ट म्हणजे कुणाच्या व्याख्येप्रमाणे? आणि कोणत्या सालातला?

हे शब्द आले कुठून, ते थोडक्यात पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत माक्स वेबर आणि एर्न्स्ट ट्रॉल्च यांनी ख्रिस्ती समाजाकडे पाहून दोन नमुने वेगळे काढले. एक चर्च: त्यात माणूस जन्मानंच सामील होतो आणि त्याचं राज्यसत्तेशी, समाजाशी जमतं. दुसरा सेक्ट, म्हणजे आपण इथे ज्याला पंथ म्हणणार आहोत तो: त्यात माणूस स्वतःच्या निर्णयानं येतो, नियम कडक असतात आणि बाहेरच्या जगाशी तणाव असतो. ट्रॉल्चनं १९१२च्या आपल्या ग्रंथात तिसराही एक नमुना सांगितला होता, व्यक्तिगत अनुभूतीवर उभ्या असलेल्या सैलसर गूढवादाचा. पुढे अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी त्याच जागी ‘कल्ट’ हा शब्द बसवला. तेव्हा त्या शब्दात शिवी नव्हती. कल्ट म्हणजे सैल, कमी बांधलेला, ज्याचं दार उघडं आहे असा समूह. आज आपण त्या शब्दाला जो अर्थ देतो, तो याच्या जवळपास उलटा आहे.

१९७०च्या दशकात या जुन्या सामग्रीतून दोन चांगल्या कसोट्या तयार झाल्या. दोन्ही कसोट्या रजनीशांवर लावून पाहाव्यात, कारण त्यांची उत्तरं जुळत नाहीत.

पहिली रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज यांची, १९७९ची. त्यांनी विचारलं: हा समूह आला कुठून? एखाद्या जुन्या धर्मातून ‘मूळ शुद्ध रूप आमच्याकडे आहे’ म्हणत फुटून निघाला असेल, तर तो पंथ. फुटून न निघता त्या समाजाच्या दृष्टीनं नवीनच काही घेऊन आला असेल, मग ते नव्यानं घडवलेलं असो की दुसऱ्या देशातून आणलेलं, तर तो कल्ट. दोघांचाही समाजाशी तणाव असू शकतो. फरक उगमाचा आहे. कल्टच्याही त्यांनी तीन पायऱ्या केल्या. श्रोते व्याख्यान ऐकतात नि घरी जातात, ही पहिली. लोक पैसे देऊन उपचार किंवा साधना घेतात, ही दुसरी. लोक आपलं सगळं आयुष्य त्यात घालतात, ही तिसरी.

रजनीशांचा प्रवास या जिन्यावरून जवळपास ओळीनं जातो. साठच्या दशकात ते गावोगाव व्याख्यानं देत फिरत होते आणि लोक ऐकून परतत होते. १९७० साली त्यांनी मनालीत पहिल्या शिष्यांना ‘नवसंन्यास’ दिला, मुंबईत मुक्काम केला. मार्च १९७४मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कात आश्रम उभा राहिला आणि तिथे पाश्चात्त्य पद्धतीची गट-मानसोपचार शिबिरं शुल्क घेऊन चालू लागली. म्हणजे दुसरी पायरी, तिसरीच्या उंबरठ्यावर. १९८१मध्ये ऑरेगनमधलं सुमारे ६४ हजार एकरांचं रँच विकत घेतलं गेलं आणि तिसरी पायरी पूर्ण झाली. स्टार्क-बेनब्रिज यांच्या हिशेबात रजनीशांचे अनुयायी पहिल्यापासून शेवटपर्यंत कल्टच. ते कुठल्या धर्मातून फुटले नव्हते. हिंदू, बौद्ध, सूफी, फ्रॉइड, राईश, सगळ्यांतून उचलून नवं काही रचलं जात होतं.

दुसरी कसोटी ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रॉय वॉलिस यांची. सायंटॉलॉजीचा अभ्यास करताना त्यांनी ती तयार केली. ते उगम विचारत नाहीत. ते विचारतात: सत्य कोणतं, हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे? अधिकार प्रत्येक सभासदाकडे असेल, ‘तुम्हाला पटेल ते घ्या, दुसरीकडेही जा’ अशी वृत्ती असेल, तर तो कल्ट. सत्याची किल्ली फक्त आमच्याकडे आहे आणि ती कुणी वापरायची हे वरचे ठरवतील, असं असेल तर तो पंथ. वॉलिस यांचं खरं निरीक्षण पुढचं आहे: सैल कल्ट फार काळ तसा टिकत नाही. लोक येतात-जातात, पैसा येतो-जातो, शिकवणुकीचा कुणीही कसाही वापर करतो. मग नेता किंवा त्याच्या भोवतीची माणसं अधिकार मुठीत घ्यायला लागतात आणि कल्टचा पंथ होतो.

आता रजनीशपुरमकडे पाहा. मुंबई-पुण्यात दहा वाटांना मान्यता देणारा, कुणालाही संन्यास देणारा, घरसंसार सोडायला न लावणारा हा समूह ऑरेगनमध्ये पोचताच आवळत गेला. रजनीश १९८१ ते १९८४ सार्वजनिक मौनात होते. त्यांच्या वतीनं बोलणाऱ्या मोजक्या लोकांच्या हाती वसाहतीचा कारभार गेला. प्रवेश, काम, हद्दपारी, सगळं त्यांच्या हाती. धर्माचं पुस्तक छापलं गेलं ते याच काळात. वॉलिस यांच्या भाषेत रजनीशपुरम सर्वांत घातक होतं तेव्हा ते कल्ट राहिलंच नव्हतं. ते पंथ झालं होतं. वर्तमानपत्र ज्या गोष्टीला कल्ट म्हणून घाबरत होतं, ती वॉलिस यांच्या लेखी कल्टपण संपल्याची खूण होती.

कुणी म्हणेल, मग या व्याख्यांचा उपयोग काय? उपयोग असा, की एकाच शब्दाखाली दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत आहेत, हे त्या दाखवून देतात. स्टार्क उगमाबद्दल बोलतात, वॉलिस अधिकाराबद्दल, वर्तमानपत्र धोक्याबद्दल. तिघांचं वाक्य एकच, ‘हा कल्ट आहे’. त्यामुळे युक्तिवादाचा पहिला नियम साधा आहे. शब्द वापरण्याआधी आपण कोणता प्रश्न विचारतोय ते सांगा. आणि वादात मध्येच प्रश्न बदलू देऊ नका. ‘बाहेरून आलेलं आहे, म्हणून कल्ट, कल्ट आहे, म्हणून धोकादायक’ या साखळीत पहिला कल्ट स्टार्क यांचा आहे आणि दुसरा वर्तमानपत्राचा. मधली कडी कुणी जोडलेलीच नाही.

१९७८च्या नोव्हेंबरात गयानात जोन्सटाउन घडलं आणि हा शब्द अभ्यासकांच्या हातून कायमचा सुटला. त्या दिवशी जिम जोन्सच्या पीपल्स टेंपलशी संबंधित नऊशेहून अधिक माणसं मेली. त्यानंतर ‘कल्ट’ उच्चारलं की ऐकणाऱ्याला विषाचे पेले दिसू लागले. म्हणून अनेकांनी ‘नवी धार्मिक चळवळ’ हा थंड शब्द पुढे आणला. टीकाकारांना तो सफेदी फासणारा वाटतो, आणि काही प्रमाणात ते खरंही आहे. पण पीपल्स टेंपलबद्दलची एक गोष्ट वारंवार विसरली जाते. ती मंडळी ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ या अमेरिकेतल्या प्रतिष्ठित, मुख्य प्रवाहातल्या ख्रिस्ती संप्रदायाची अधिकृत संलग्न मंडळी होती. वर्गवारी पाहून धोका ओळखू म्हणणाऱ्याच्या यादीत ती आलीच नसती.

नवी धार्मिक चळवळ म्हणजे काय, यावरही दोन मतं आहेत, आणि मला हा वाद कल्टवरच्या वादापेक्षा जास्त रसाळ वाटतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आयलीन बार्कर म्हणतात, ‘नवी’ हा शब्द शब्दशः घ्या. जिचे बहुतेक सभासद पहिल्या पिढीतले, म्हणजे स्वतः धर्मांतर करून आलेले आहेत, ती नवी. बाकीची लक्षणं त्यातूनच निघतात. धर्मांतरित माणूस जन्मजात सभासदापेक्षा अधिक उत्साही असतो. नेता जिवंत असतो आणि त्याचा अधिकार व्यक्तिमत्त्वातून येतो, नियमांतून नव्हे; म्हणून तो आज एक सांगतो आणि उद्या दुसरं. आपण-ते अशी रेघ ठळक असते. सभासद समाजाचा यथार्थ नमुना नसतात. एखाद्या ठरावीक वयाचे, थराचे लोक जास्त असतात. रजनीशपुरममध्ये हे सगळं होतं. तिथे आलेले बहुतेक लोक तिशीच्या आसपासचे, उच्चशिक्षित, मध्यमवर्गीय पाश्चात्त्य होते. नेत्याचा निर्णय बदलला की कपड्यांचा रंगही बदलत होता आणि धर्मही.

बार्कर यांच्या कसोटीचा मोठा गुण म्हणजे तिला मुदत आहे. दुसरी-तिसरी पिढी आली, नेता गेला, की चळवळ नवी राहत नाही. तिची शाळा होते, लेखापरीक्षक येतात, मुलं कंटाळतात.

गॉर्डन मेल्टन हे अमेरिकन अभ्यासक याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते नवेपणा वयात नसतो, नात्यात असतो. त्या-त्या देशातल्या प्रस्थापित धर्मांनी ज्यांना कडेला ढकललं, ते सगळे या गटात. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण इस्कॉन. १९६६मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती संस्था स्थापन झाली, तेव्हा मुंडण करून रस्त्यावर नाचणारी गोरी पोरं अमेरिकेला विचित्रच वाटली असणार, आणि तिथे ती नव्या धार्मिक चळवळीचं ठळक उदाहरण ठरली. पण तिची शिकवण बंगालच्या गौडीय वैष्णव परंपरेची, चैतन्यांपर्यंत म्हणजे सोळाव्या शतकापर्यंत मागे जाणारी. मुंबईत जुहूच्या देवळात जाणारा मराठी माणूस आपण एखाद्या नव्या धर्माच्या दारात उभे आहोत असं मानत नाही. तो कृष्णाच्या दर्शनाला गेलेला असतो. तीच संस्था, तोच मंत्र, आणि न्यूयॉर्क व जुहू इथे तिचा वर्ग वेगवेगळा. मेल्टन बरोबर असतील तर ‘इस्कॉन नवी चळवळ आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कुठे?’ हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. मला स्वतःला बार्कर यांची कसोटी जास्त भावते, कारण ती खोटी ठरवता येते: पहिल्या पिढीचे किती, जन्मानं आलेले किती, हे मोजता येतं. मेल्टन यांच्या व्याख्येत मोजमाप बहुसंख्याकांच्या मूडवर अवलंबून राहतं.

कायदा तिसरंच काही विचारतो आणि त्याच्या दारात या मंडळींचं फार हसं झालेलं आहे. अमेरिकेत राहण्यासाठी रजनीशांना धर्मोपदेशक म्हणून मान्यता हवी होती. म्हणजे आपला धर्म आहे, असं सांगणं सोयीचं होतं. पण १९८३मध्ये ऑरेगनचे ॲटर्नी जनरल डेव्ह फ्रोनमायर यांनी नेमका तोच धागा उचलला. रजनीशपुरम हे १९८२मध्ये रीतसर नोंदलेलं शहर होतं, त्याला सरकारी निधी मिळत होता, त्याची पोलीस यंत्रणा होती. फ्रोनमायर यांनी म्हटलं, जमीन धार्मिक संस्थेच्या ताब्यात, रहिवासी सगळे अनुयायी. मग हे शहर म्हणजे धर्मच, आणि अमेरिकी राज्यघटना धर्माला सरकारी सत्ता देऊ देत नाही. एका खिडकीवर धर्म असणं हवं होतं, दुसऱ्या खिडकीवर तेच अंगाशी आलं. आपल्याकडे ऑरोव्हिलच्या बाबतीत १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर याचंच आरशातलं रूप उभं राहिलं. सरकारनं व्यवस्थापन ताब्यात घेतल्यावर अरविंद सोसायटीच्या बाजूनं धार्मिक संप्रदायाचा हक्क मागितला गेला. न्यायालयाच्या बहुमतानं तो नाकारला. अरविंदांनी स्वतः आपली शिकवण धर्म नसल्याचं म्हटलं होतं, आणि सोसायटीनंही करसवलतीसाठी आपण धार्मिक नसल्याची भूमिका घेतली होती, याकडे लक्ष वेधलं गेलं. समूह स्वतःबद्दल काय म्हणतो हा पुरावा आहे, पण ते कुणाला, कशासाठी सांगितलं, हे पाहिल्याशिवाय तो पुरावा वापरू नये.

आता धोक्याचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण कल्ट शब्द लोक त्यासाठीच वापरतात. १९८४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द डॅल्स या गावातल्या दहा रेस्टॉरंटांच्या सॅलड बारमधून साल्मोनेला जंतू पसरले आणि ७५१ लोक आजारी पडले. सुरुवातीला आरोग्य खात्यानं दोष अन्न हाताळणाऱ्यांच्या अस्वच्छतेला दिला. वर्षभरानं, शीला वसाहत सोडून गेल्यावर, रजनीशांनीच पत्रकारांसमोर आपल्या माजी सचिवांवर आरोप केले. मग तपास पथकाला वसाहतीतल्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. काउंटीच्या निवडणुकीत आपले उमेदवार निवडून यावेत म्हणून स्थानिक मतदारांना आजारी पाडण्याची ती तालीम होती. १९८६मध्ये शीला आणि वसाहतीच्या वैद्यकीय कारभाराच्या प्रमुख पूजा यांनी गुन्हा कबूल केला.

या घटनेवरून कसा युक्तिवाद करायचा? ‘रजनीशी लोकांनी विषप्रयोग केला’ असं म्हटलं तर ते चुकीचं आहे. बहुतेक रहिवाशांना त्याचा पत्ता नव्हता. ‘मूठभर लोकांचा गुन्हा, चळवळीचा संबंध नाही’ असं म्हटलं तर तेही चुकीचं आहे, कारण मूठभरांना हे करता आलं ते त्या रचनेमुळे. नेता मौनात, त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता एकाच सचिवाकडे, वसाहतीतल्या फोनवर आणि खोल्यांवर गुप्त पाळत, आतल्या कुणाला बाहेरच्या तटस्थ माणसाकडे तक्रार करायची सोय नाही, आणि ज्यानं आपलं घर-पैसा-नोकरी तिकडे ओतलं, त्याला बाहेर पडणं महाग. यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते. दूध डेअरीत, खासगी शाळेत, राजकीय पक्षातही तपासता येते. धोका मोजायचा असेल तर मोजण्याजोग्या गोष्टी याच: सत्तेला कोण जाब विचारतो, बाहेर पडण्याची किंमत किती, मुलांवर आणि मालमत्तेवर ताबा कुणाचा, आत एक नि बाहेर एक अशी दोन खाती आहेत का. गुरू विचित्र आहे की नाही, याचा यात काही संबंध नाही.

याउलट ‘ब्रेनवॉशिंग’ ही कसोटी तपासाला टिकत नाही. सदस्य झाला म्हणजे मेंदू धुतला गेला, असं गृहीत धरलं तर कुणीही सदस्य खोटं बोलतोय असं म्हणता येतं आणि वाद संपतो. बार्कर यांनी युनिफिकेशन चर्चचा, म्हणजे ‘मूनीं’चा अभ्यास केला आणि १९८४मध्ये तो प्रसिद्ध केला. लंडनमधल्या त्यांच्या निवासी शिबिरांना आलेल्यांपैकी नव्वद टक्के लोक सभासद झालेच नाहीत, आणि झालेल्यांतलेही बहुसंख्य दोनेक वर्षांत निघून गेले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चुकणाऱ्या तंत्राला अजेय मानणं अवघड आहे. याचा अर्थ दबाव नसतो असा मात्र होत नाही. माजी सभासदाचं दुःख खरं असतं. पण तो रागावून आलेला, आत राहणारा समाधानात असलेला, आणि त्यांच्यामधून चुपचाप निघून गेलेला मोठा गट. तिघांपैकी एकाच्या साक्षीवर निकाल दिला तर चूक होणारच. पत्रकारांना पहिला लवकर भेटतो, समूहाचं जनसंपर्क खातं दुसरा पुढे करतं. तिसऱ्याला शोधावं लागतं.

रजनीश १९८५च्या नोव्हेंबरात अमेरिकेतून घालवले गेले, १९८७मध्ये पुण्याला परतले, १९८९मध्ये त्यांनी ‘ओशो’ नाव घेतलं आणि जानेवारी १९९०मध्ये त्यांचं निधन झालं. मग कोरेगाव पार्कातल्या आश्रमाचं ध्यान-रिसॉर्ट झालं: पास काढा, ध्यान करा, पोहा, जा. वॉलिस म्हणाले असते, पंथ पुन्हा सैलावला. पण मार्च २०२३मध्ये तिथेच अनुयायांचा एक गट गळ्यात माळ घालून आत येऊ द्या, म्हणून व्यवस्थापनाशी भांडला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्याच सुमारास आश्रमाचे भूखंड विकण्याचा विश्वस्तांचा प्रस्ताव धर्मादाय सहआयुक्तांनी फेटाळला. त्या भांडणातलं एक वाक्य स्टार्क-बेनब्रिज यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी वही काढली असती. माळवाले म्हणत होते: मूळ ओशो आमच्याकडे आहेत, तुम्ही त्यांना विकलंत. फुटून निघणाऱ्या पंथाची ही पहिली ओळ असते, आणि या वेळी ती अशा समूहात उच्चारली जात होती, जो स्वतः कधीच कुठून फुटला नव्हता.